रिपोर्ट म्हणतो थायरॉइड चढलंय, नाडी म्हणते ५६. खरं कोण?

मृण्मयी_वाई
नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गणपतीत मुलगी झाली. त्याआधी माझी सकाळची नाडी ६४ ते ६६ असायची. हे पक्कं माहीत आहे, कारण धावायचं वेड होतं आणि मनगटावर घड्याळ कायम. नाताळच्या सुमारास तीच नाडी अंथरुणातून उठायच्या आधीच ९२-९४ यायला लागली. हात थरथरायचे, थंडीतही घाम, भरपूर खाऊनही वजन उतरत होतं. सासूबाई म्हणाल्या, रात्र रात्र जागरण, बाळंतिणीचं असंच असतं. तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड चढलं की उतरणारा आकडा, ०.०२ आणि थायरॉइडचं संप्रेरक टी४ वाढलेलं. डॉक्टरांनी फक्त प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि दीड-दोन महिन्यांनी परत तपासू म्हणाले. धडधड थांबली. जानेवारीअखेर त्यांच्याच सांगण्यावरून ती गोळी हळूहळू बंद केली.

आता मार्च. सकाळची नाडी ५६. वाईत ऊन तापायला लागलंय आणि मी दुपारी शाल घेऊन बसते. पोट साफ नाही, चेहरा सुजल्यासारखा, केस मुठीने हातात येतात. मला वाटलं, आता थायरॉइड उलटं पडलं. पण काल रिपोर्ट आला तर टीएसएच ०.०८, टी४ पुन्हा वाढलेलं! आमचे नेहमीचे डॉक्टर परगावी आहेत. त्यांच्या जागी बसलेल्यांनी रिपोर्ट बघून थायरॉइड दाबायचं कार्बिमाझोल लिहून दिलं. गोळ्या आणल्यात, अजून घेतल्या नाहीत.

थायरॉइड चढलेलं असताना नाडी ५६ असू शकते का? की घड्याळच बिघडलंय?

अप्पा बळवंत
घड्याळ बिघडलंय. आमच्या हिच्या घड्याळाने मागे परातीतल्या कणकेच्या गोळ्याची नाडी ७८ दाखवली होती. कणीक नॉर्मल निघाली, पोळ्या चिवट.

गुरुत्वमध्य
यात अवघड काय आहे? ९० च्या वर नाडी म्हणजे हायपर, थायरॉइड चढलेलं; ६० च्या खाली म्हणजे हायपो, थायरॉइड मंद. तुम्हाला आता हायपो आहे. लॅबवाल्यांनी नमुने बदलले असणार.

फुलटॉस
अप्पा, कणकेचं खरं आहे. घड्याळ हिरवा प्रकाश टाकतं आणि परत येणाऱ्या प्रकाशातला चढउतार मोजतं. समोर मनगट आहे की कणीक हे त्याला नीट कळत नाही. पण म्हणून सगळंच खोटं नसतं. माणूस झोपलेला असताना, हात स्थिर असताना आकडे बरेच बरोबर येतात. गडबड होते ती चालताना आणि बोटं-मनगट गारठलेलं असताना.

दुसरी गोष्ट, 'रेस्टिंग' नाडी कशाला म्हणायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. काही झोपेतले आकडे धरतात, काही जागेपणी शांत बसलेले असतानाचे. मधे घड्याळ बदललंय का? बदललं असेल तर ९४ आणि ५६ ची तुलनाच करू नका.

मृण्मयी_वाई
घड्याळ तेच, पट्टासुद्धा तोच. आज सकाळी उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजली. ५७. नवऱ्याने मोजली तर ५५. घड्याळावर ५६.

नाडीग्रंथ
कृपया इंग्रजी आकड्यांच्या मागे लागू नका. नाडी मोजायची नसते, वाचायची असते. तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. तुमची नाडी सर्पगती आहे की हंसगती, ते आधी सांगा.

अप्पा बळवंत
@नाडीग्रंथ ताईंना तान्हं बाळ आहे, झोप नाही. सध्या कासवगती.

हिवाळा_टोरांटो
@गुरुत्वमध्य, ९० आणि ६० चा हा नियम माझ्यावर लावला असता तर मी वर्षभर घरीच बसले असते. माझं टीएसएच ४८ निघालं, म्हणजे थायरॉइड अगदी मंद, तेव्हा नाडी ७२ होती. जिने चढताना दमायचे, आवाज घोगरा झाला होता, पण नाडी अगदी शहाण्यासारखी. नंतर कळलं की हिमोग्लोबिनही ८ होतं. रक्त कमी असलं की हृदय नाडी वाढवतं, थायरॉइड मंद असलं की कमी करतं. दोघांची ओढाताण होऊन आकडा मधेच थांबला होता. लोहाच्या गोळ्यांनी रक्त सुधारलं तशी नाडी ६० वर आली आणि मी घाबरले, की औषधाने उलटं कसं झालं!

मृण्मयी, एक विचारते. केस गळतात म्हणालात. त्यासाठी काही गोळ्या घेताय का? इकडे रक्त काढायच्या आधी मला हटकून विचारतात.

मृण्मयी_वाई
हो, केस-नखांच्या गोळ्या मिळतात त्या. फेब्रुवारीपासून रोज सकाळी एक. पाकिटावर बायोटिन १० मिलिग्रॅम लिहिलंय. त्याचा काय संबंध? ते तर जीवनसत्त्व आहे ना?

दवाखाना_बंद
टोरांटोच्या बाईंनी नेमकं बोट ठेवलं. मी एम.डी. मेडिसिन, लहान गावात दवाखाना, थायरॉइडचे पेशंट रोज. इथून कुणाला गोळी लिहून देणार नाही, पण हा घोळ कसा होतो ते सांगतो.

बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांत संप्रेरक मोजायला बायोटिनचाच चिकटा वापरतात. चाचणीतले घटक त्या चिकट्याने एका जागी धरले जातात. तुमच्या रक्तात बाहेरून आलेलं भरपूर बायोटिन असेल तर ते चिकटायच्या जागा आधीच अडवून बसतं. टीएसएच ज्या पद्धतीने मोजतात त्यात यामुळे आकडा खोटा कमी येतो. टी४ आणि टी३ मोजायची पद्धत उलट्या बाजूने चालते, म्हणून तिथे आकडा खोटा वाढतो. एका गोळीमुळे टीएसएच खाली आणि टी४ वर, म्हणजे हुबेहूब चढलेल्या थायरॉइडचा रिपोर्ट. अंगात काहीही चढलेलं नसताना. थायरॉइड खरोखर चढवणाऱ्या ग्रेव्हज आजाराची अँटीबॉडी तपासली तर तीसुद्धा खोटी वाढलेली येऊ शकते, मग तर निदान पक्कंच वाटतं.

आहारातलं बायोटिन मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्याने काही होत नाही. हे १० मिलिग्रॅम आहे. आणि सगळ्या यंत्रांत हा प्रकार होत नाही, म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये तेच रक्त वेगळं बोलू शकतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थायरॉइड खरोखर इतकं चढलेलं, वय तिशीतलं, प्रोप्रॅनोलॉल बंद होऊन महिन्याहून जास्त झालेला, आणि नाडी ५६? मला ते पटत नाही. प्रोप्रॅनोलॉल चालू असतं तर पटलं असतं, कारण ते काही तासांतच नाडी खाली आणतं आणि थायरॉइडला जवळजवळ हातही लावत नाही. ते चालू असताना नाडीवरून थायरॉइडचा अंदाज बांधूच नये.

रक्त काढलं त्या सकाळी केसांची गोळी घेतली होती का?

मृण्मयी_वाई
घेतली होती. 'उपाशीपोटी या' म्हणाले म्हणून नाश्ता नाही केला, पण गोळी पाण्याबरोबर घेतली.

गुरुत्वमध्य
म्हणजे मी म्हटलं तेच! लॅब चूक, नाडी बरोबर.

दवाखाना_बंद
अर्धं बरोबर. लॅबने नमुना बदलला नव्हता, नमुन्यातच गोंधळ होता. आणि ९०-६० चा नियम तरीही चालत नाही. रोज धावणाऱ्या माणसाची नाडी ५० असते आणि थायरॉइड ठणठणीत. ताप चढला की नाडी वाढते. चहा, जागरण, रक्त कमी, पाणी कमी, सगळ्याने वाढते. जुन्या काळी रक्ततपासण्या सहज मिळत नव्हत्या तेव्हा वेन इंडेक्स नावाची गुणपत्रिका वापरायचे. तिच्यात नाडी ९० च्या वर असेल तर तीनच गुण मिळत, आणि थायरॉइड चढलं म्हणायला एकूण एकोणिसाच्या वर जावं लागे. नाडीला किंमत तेवढीच, ती एकटी पास करत नाही.

मृण्मयींच्या बाबतीत नाडीला जास्त किंमत का देतो, तर त्यांचा स्वतःचा जुना आकडा माहीत आहे. ६५ वरून ९४, मग ५६. जुना आकडा माहीत नसता तर ५६ कडे मी बघितलंही नसतं.

रात्रपाळी
मी निवृत्त सिस्टर. मिरजेला बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात होते. गलगंडाची बाई ऑपरेशनला भरती झाली की चार्टवर एक वेगळी ओळ असायची, 'झोपेतली नाडी'. रात्री दोन-तीनच्या सुमारास, पेशंट गाढ झोपेत असताना, दिवा न लावता, न हलवता मनगट धरायचं आणि पूर्ण मिनिट मोजायचं. कारण दिवसा प्रत्येक बाई घाबरलेली असते. डॉक्टरांचा राउंड आला की सगळ्या वॉर्डाची नाडी शंभर. पण भीतीने वाढलेली नाडी झोपेत उतरते, थायरॉइडची उतरत नाही. झोपेतही ९० च्या वर असली की सर्जन ऑपरेशन पुढे ढकलायचे. आधी गोळ्यांनी नाडी खाली आणायची, शेवटचे दहा दिवस लुगॉल्सचे आयोडीनचे थेंब दुधातून, मग टेबलावर.

आकड्याशिवाय हाताला लागणारा फरकही असतो. थायरॉइड चढलेल्या बाईची नाडी बोटाखाली उसळते, तळवा गरम आणि ओलसर. मंद असलेलीची बारीक, संथ, हात गार आणि कोरडा. बीपीतही दिसतं. चढलेलीचं वरचं वाढतं आणि खालचं उतरतं, मंद असलेलीचं खालचं वाढतं. मृण्मयी बाळा, तुझं बीपी कुणी लिहून ठेवलंय का? आणि घड्याळात झोपेतले आकडे आहेत का?

मृण्मयी_वाई
सिस्टर, शोधून काढलं. डिसेंबरच्या केसपेपरवर १३६/६४. परवाच्या कागदावर ११८/९०. मला वाटलं होतं वरचं कमी झालं म्हणजे सुधारलं.

झोपेतली सर्वांत कमी नाडी डिसेंबरात ८४ च्या खाली उतरतच नव्हती. आता ४९-५०. बाळंतपणाआधी ५६ च्या आसपास असायची.

रात्रपाळी
१३६/६४ मध्ये दोन आकड्यांतलं अंतर ७२. ११८/९० मध्ये २८. मी वॉर्डात असते तर हे दोन कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना हाक मारली असती. कार्बिमाझोलला हात लावू नकोस, आधी फोन कर.

सोलापुरी_चटणी
धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वडिलांची गोष्ट उलटी आहे. वय ७४. वजन उतरलं, भूक गेली, गप्प गप्प राहायचे. धडधड नाही, घाम नाही, हात थरथरत नाहीत. आम्हाला वाटलं आई गेल्याचं मनाला लावून घेतलंय. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नाडी कधी ७६, कधी ११२, कधी ५८, लगोलग. आम्ही ते मशीन बदलून आणलं, तरी तेच. शेवटी शेजारच्या कंपाउंडरने मनगट धरून सांगितलं, मशीन बरोबर आहे, ठोकेच वेडेवाकडे आहेत. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, आणि टीएसएच जवळजवळ शून्य.

म्हणजे म्हाताऱ्या माणसात आकडा किती यापेक्षा ठोके सरळ पडतात का हे बघायला हवं होतं ना डॉक्टर?

दवाखाना_बंद
अगदी. म्हातारपणी थायरॉइड चढतं तेव्हा ते गुपचूप चढतं. नाडी फार वाढत नाही, पण ठोक्यांचा ताल बिघडतो. घड्याळ आणि ऑक्सिमीटर काही सेकंदांची सरासरी काढतात, म्हणून ते असे उड्या मारतात. अशा वेळी मनगटावर पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की हमखास फसतं. वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू केली असेल, ती आपल्या मनाने बंद करू नका.

अप्पा बळवंत
मी आत्ता मोजली. ८८. धागा वाचायच्या आधी ७४ होती. मायबोलीवर बंदी घाला.

फुलटॉस
अप्पा, हे कुठलं संकेतस्थळ आहे तेही विसरलात? टीएसएच करा.

मृण्मयी_वाई
उशिरा लिहितेय, बाळ दात काढतंय.

नेहमीच्या डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले कार्बिमाझोल नको, केसांची गोळी बंद करा, चार दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त द्या. आज रिपोर्ट आला. टीएसएच ३१. टी४ कमी. थायरॉइडवरच उलटणाऱ्या अँटी टीपीओ अँटीबॉडी खूप वाढलेल्या. ग्रेव्हजची अँटीबॉडी नाही.

थायरॉक्सिन, म्हणजे तेच टी४ गोळीतून, ५० मायक्रोग्रॅम सुरू केलंय. डॉक्टर एवढंच म्हणाले की हे बाळंतपणानंतरचं आहे, दूध पाजायला हरकत नाही. पण मला अजून कळत नाही, एकच ग्रंथी तीन महिन्यांत आधी जास्त आणि मग कमी कशी?

दवाखाना_बंद
जास्त काम करतच नव्हती कधी, हीच तर गंमत. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी खरोखर जास्त संप्रेरक बनवते. तुमच्यात तसं नव्हतं. थायरॉइडमध्ये काही आठवड्यांचा तयार साठा असतो. बाळंतपणानंतर प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होते आणि काही बायकांत ती थायरॉइडवर तुटून पडते. भिंती फुटल्या की तो साठा रक्तात सांडतो, टाकी फुटल्यावर गल्लीत पूर यावा तसा. तो पूर म्हणजे तुमचा डिसेंबर, नाडी ९४. मग टाकी रिकामी आणि दुरुस्ती चालू, तो मार्च, नाडी ५६. साधारणपणे पहिला टप्पा बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांत दिसतो आणि दुसरा चार ते आठ महिन्यांत. तुमचं वेळापत्रक बरोबर बसतं.

डिसेंबरात तुमच्या डॉक्टरांनी फक्त प्रोप्रॅनोलॉल दिलं ते याचसाठी. कार्बिमाझोल नवं संप्रेरक बनणं थांबवतं, सांडलेलं परत भरत नाही. आणि आता टीएसएच ३१ असताना ते घेतलं असतं, तर जी थोडीफार ग्रंथी काम करतेय तीही बंद पडली असती.

नाडी लगेच वर येईल अशी वाट बघू नका. थायरॉक्सिनचं अर्धं आयुष्य आठवडाभराचं, आणि हृदयावरचा परिणाम त्याहून सावकाश. सहा आठवड्यांनी टीएसएच बघतील. तोवर रोज सकाळचा आकडा लिहा, पण आठवड्यातून एकदाच वाचा. ६५ च्या आसपास स्थिरावली तर छान. पुढे डोस वाढवल्यावर नाडी ८०-८५ वर राहायला लागली, झोपेतही उतरेनाशी झाली, तर डोस जास्त होतोय का हे विचारा. तपासणीच्या सकाळी मात्र थायरॉक्सिन रक्त दिल्यावर घ्या.

गुरुत्वमध्य
मग ही गोळी आयुष्यभर का?

दवाखाना_बंद
सांगता येत नाही. पुष्कळ जणींची ग्रंथी वर्षभरात सावरते, मग डोस कमी करून बघतात. काहींची सावरत नाही. अँटीबॉडी जास्त असलेल्यांची न सावरण्याची शक्यता जास्त. पुढच्या बाळंतपणात हे परत होण्याची शक्यताही बरीच असते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा.

हिवाळा_टोरांटो
माझी नाही सावरली. पण मला बाळंतपणानंतरचं नव्हतं, त्यामुळे माझ्यावरून घाबरू नका.

नाडीग्रंथ
म्हणजे आधी पित्त, नंतर कफ. मी हेच म्हणत होतो.

रात्रपाळी
तुम्ही सर्पगती विचारलं होतंत.

मृण्मयी_वाई
:) सगळ्यांचे आभार. शेवटचा एक व्यावहारिक प्रश्न. गोळी उपाशीपोटी, नंतर अर्धा-पाऊण तास काही नाही असं सांगितलंय. आणि मला बाळंतपणापासून लोह आणि कॅल्शियमही चालू आहे. बाळ पहाटे चारला उठतं, मग सहाला. कधी काय घ्यायचं?

रात्रपाळी
चारला दूध पाजायला बसशील तेव्हाच थायरॉक्सिन घे पाण्याबरोबर. सहापर्यंत चहाची मुभा झाली. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीपासून चार तास लांब, म्हणजे लोह दुपारच्या जेवणाआधी, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. डबी उशाशी ठेव, पण बाळाच्या हाताला लागणार नाही अशी.

सोलापुरी_चटणी
आणि केसांचं काय? ते बंद केलं तर गळायचे थांबणार कसे?

हिवाळा_टोरांटो
बाळंतपणानंतरचे केस बहुतेक आपले आपण येतात, आणि थायरॉइड मंद असल्याने गळत असतील तर थायरॉइड सुधारल्यावर. माझे यायला पाच-सहा महिने लागले. तोवर मी टोपी घातली, इकडे चालून जातं.